डाग आधी, धुणं नंतर

शाळेतून आलेल्या पांढऱ्या सुती शर्टावर बरेचदा दोन डाग एकत्र सापडतात: खिशावर बॉलपेनची निळी रेघ आणि छातीवर डब्यातल्या भाजीचं तेल. दोन्ही डागांचं पाण्याशी वाकडं आहे. तरी आपण शर्ट सरळ बादलीत भिजवतो आणि तिथेच काम अवघड होऊन बसतं.

फाउंटन पेनची शाई पाण्यात केलेली असते, बॉलपेनची नाही. हंगेरीच्या लास्लो बिरो यांनी १९३८ साली पेटंट घेतलेल्या या पेनात टोकाशी एक बारीक गोळी फिरते. तिच्यावरून ओघळू नये म्हणून शाई घट्ट लागते. त्यासाठी रंग फिनॉक्सिइथॅनॉल, बेंझिल अल्कोहोल अशा तेलकट द्रावकांत विरघळवतात आणि त्यात राळ घालतात. कापडावर पडल्यावर ही राळ रंगाला धाग्याशी चिकटवून ठेवते. पाणी तिला विरघळवू शकत नाही. साबणाच्या पाण्यात थोडा रंग सुटतो खरा, पण तो आजूबाजूच्या धाग्यांत पसरतो आणि रेघेचा निळसर ढब्बा होतो.

म्हणून शाईचा डाग कोरडा असतानाच हाताळायचा. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल राळ आणि रंग दोन्ही विरघळवतं. कापड आधीच ओलं असेल, तर अल्कोहोल पातळ होऊन त्याचा जोर कमी पडतो. शर्ट रंगीत असला तर आतल्या शिवणीवर एक थेंब लावून रंग जातो का ते पाहावं. अल्कोहोल चटकन पेट घेतं, त्यामुळे हे काम गॅसपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावं.

नुसतं विरघळवून भागत नाही. सुटलेल्या रंगाला जायला जागा लागते. खिशात पांढऱ्या जुन्या सुती कापडाची जाड घडी सरकवावी, म्हणजे मागचा थर वाचेल. मग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत यावं. घासलं की रंग पसरतो आणि धागेही उसवतात. खालची घडी निळी झाली की कोरडी बाजू वर आणावी आणि बोळाही बदलावा. घडीवर नवा रंग उमटेनासा झाला, की अल्कोहोलचं काम संपलं. पहिल्याच वेळी बोळ्याला रंग लागला नाही, तर ती रेघ बहुधा जेल पेनाची असते. अनेक जेल शाईंमध्ये न विरघळणारे रंगकण असतात. ते अल्कोहोलला दाद देत नाहीत आणि कित्येकदा पूर्ण निघतही नाहीत.

शाईची उरलेली राळ आणि छातीवरचं तेल यांना पुढचा उपाय एकच आहे. तेल ताजं असेल तर आधी त्यावर टाल्कम पावडर भुरभुरून पंधराएक मिनिटं ठेवावी आणि झटकावी. वरवरचं तेल ती शोषून घेते. मग दोन्ही डागांवर भांडी घासायचं लिक्विड पाणी न घालता बोटाने हलकेच चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवावं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. पाणी आधीच घातलं तर हे रेणू विरळ होतात, म्हणून लिक्विड जसंच्या तसं लावायचं. नंतर कोमट पाण्याने खळबळून शर्ट नेहमीसारखा धुवावा.

खरी फसगत इथून पुढे होते. ओल्या कापडावर तेलाचा डाग दिसत नाही. तेलाने धाग्यांमधल्या फटी भरल्या की तिथून प्रकाश कमी विखुरतो आणि ती जागा गडद दिसते. पाणीही हेच करतं, त्यामुळे ओल्या शर्टात सगळंच सारखं गडद असतं. डाग गेला असं समजून आपण शर्ट वाळवतो आणि त्यावर कडक इस्त्री फिरवतो. सूर्यफूल, करडई अशा तेलांचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनने एकमेकांना जोडले जातात आणि उष्णतेने हे फार झपाट्याने होतं. तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी जमणारा चिकट थर याच प्रक्रियेतून बनतो. एकदा असा थर धाग्यांत तयार झाला की लिक्विडनेही तो सहज सुटत नाही, आणि पुढे पिवळा पडतो.

म्हणून आधी शर्ट सावलीत वाळवावा आणि इस्त्री करण्याआधी उजेडात आडवा धरून पाहावा. गडद ठिपका दिसला तर लिक्विड पुन्हा लावावं. निळी झाक उरली असेल तर वाळलेल्या कापडावर अल्कोहोल पुन्हा टिपावं. दोन्ही नाहीसे झाल्यावरच इस्त्री गरम करावी.