वेळ नेमका कुठे जातो?

“नेट भाळ स्लो अद री,” शेजारचे गृहस्थ वैतागून म्हणाले. मुलीचा प्रवेश अर्ज भरायचा, शेवटची तारीख जवळ आलेली आणि पान काही उघडत नव्हते. दोष वेबसाइटचा, असे मुलीचे म्हणणे. तर वडील जास्त पैशांचा प्लॅन घ्यायला निघालेले. मी म्हटले, आधी मोजून पाहू.

संगणकावर cmd उघडून ping आणि त्यापुढे वेबसाइटचे नाव लिहिले. पिंग एक छोटा संदेश पाठवते आणि तो परत यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. उत्तर दीडशेच्या आसपास आले. पण हा सगळ्या प्रवासाचा एकूण वेळ झाला. तो कोणत्या टप्प्यावर गेला, हे ट्रेसरूट दाखवते. विंडोजमध्ये त्याची आज्ञा tracert अशी आहे. वाटेतल्या प्रत्येक राउटरला ती तीनदा विचारते, म्हणून प्रत्येक ओळीत तीन आकडे येतात. मुलीच्या खोलीतून पहिल्या चार ओळी अशा आल्या:

```
1  142 ms   96 ms  171 ms  192.168.1.1
2  151 ms  104 ms  178 ms  10.20.0.1
3    *       *       *     Request timed out.
4  165 ms  118 ms  190 ms  203.0.113.9
```

पहिली ओळ म्हणजे घरातलाच राउटर. तिथेच शंभर-दीडशे मिलिसेकंद गेले होते, आणि पुढच्या ओळींत त्यात थोडीच भर पडत होती. म्हणजे विलंब घरातच सुरू होत होता. तिसऱ्या ओळीतल्या चांदण्या पाहून घाबरू नये. तो राउटर उत्तर देत नाही एवढेच. पुढची ओळ आली, म्हणजे संदेश त्याच्यातून पार झाला.

मग लॅपटॉप राउटरशेजारी नेला. पहिली ओळ २ मिलिसेकंदांवर आली आणि चौथी २४ वर. बिदरच्या जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती वायफाय अडवतात. राउटर मधल्या खोलीत हलवला आणि अर्ज भरला गेला. प्लॅन बदलावा लागला नाही.

ओळी वाचताना एक खूण लक्षात ठेवावी. आकडा जिथे वाढतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाढलेलाच राहतो, तिथे विलंब सुरू होतो. मधली एकच ओळ १५० दाखवते आणि पुढच्या पुन्हा २५ वर येतात, तर तिथे बिघाड नाही. इतरांचे संदेश पुढे ढकलणे हे राउटरचे पहिले काम. आपल्या चौकशीला उत्तर तो सवडीने देतो.

मात्र अंतराचा वेळ कोणालाच चुकत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून दर शंभर किलोमीटरच्या जाण्यायेण्याला एक मिलिसेकंद धरावा. वेबसाइट अमेरिकेत असेल, तर समुद्र ओलांडताना आकडा एकदम दोनशेच्या पुढे जातो. तो दोष नव्हे, लांबी आहे.

याशिवाय ट्रेसरूट फक्त जाण्याची वाट दाखवते. परतीची वाट वेगळी असू शकते. म्हणून तक्रार करण्यापूर्वी सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा मोजावे. पहिली ओळ चांगली आणि दुसरीपासून आकडे रोज रात्रीच चढत असतील, तर ते दोन्ही कागद घेऊन नेटवाल्याकडे जावे.