आधी ताळा, मग कुलूप

महिन्याची ३१ तारीख. खाद्यतेलाच्या घाऊक दुकानात मालाची ये-जा थांबली की दिवाणजींनी आधी तीन नंबर टिपायचे: शेवटचं चलन, शेवटचं बिल आणि माल आत आल्याची शेवटची नोंद. इथपर्यंतचं सारं या महिन्यात, पुढचं पुढच्या. ही रेघ ओढूनच गोदामात मोजणी सुरू करायची.

उदाहरणच घेऊ. पंधरा किलोच्या एका तेलाचे महिन्याच्या सुरुवातीला ४२० डबे होते. ६०० आले, ७१० ची बिलं झाली. म्हणजे ३१० उरायला हवेत. मोजले तर २९५. पंधरा डबे कमी.

अशा वेळी खतावणी उघडून समाधान मानण्याचा मोह होतो. डबा २,१०० रुपयांचा. ७१० डब्यांचे १४,९१,००० रुपये विक्री खात्यात बरोबर दिसतात. पण खतावणीतला आकडा बिलांवरूनच आलेला असतो. जे बिलच झालं नाही, ते दोन्हीकडे नसणार. एकाच कागदावरून उतरवलेले दोन आकडे जुळले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. गोदामातला माल मात्र बिल पाहून कमी-जास्त होत नाही.

म्हणून आता ऑर्डर वही काढायची. तिच्यात एका दुकानदाराचे २० डबे अजून ‘बाकी’ दिसतात. त्याला फोन केला तर माल दुपारीच पोचलेला. चलनावर त्याची सही आहे, बिल मात्र राहून गेलं. विक्रीतले ४२,००० रुपये इथे सुटले होते.

पण कमी तर पंधराच होते. मग वरचे पाच कुठून आले? गोदामाच्या कोपऱ्यात गळके म्हणून परत आलेले पाच डबे सापडतात. मोजणीत ते धरले गेले, पण त्यांची क्रेडिट नोट झालेली नाही. म्हणजे पंधराचा फरक ही एक चूक नव्हती. एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका होत्या. ‘पंधरा डबे घट’ अशी नोंद करून मोकळं झालं असतं, तर दोन्ही तशाच गाडल्या गेल्या असत्या.

त्याच रात्री बिल आणि क्रेडिट नोट केली की ४२० अधिक ६००, उणे ७३०, अधिक परत आलेले ५: बरोबर २९५. गळके पाच डबे विकाऊ मालातून वेगळे काढायचे. मग सुधारलेली विक्री खतावणीत आणि त्या दुकानदाराच्या खात्यात उतरली का, हे पाहायचं. महिन्याला जीएसटी विवरण भरणाऱ्यांना विक्रीचा तपशील पुढच्या ११ तारखेपर्यंत द्यायचा असतो. त्याआधी हे झालेलं बरं.

मोजणी प्रत्येक मालाची वेगळी हवी. सूर्यफुलाऐवजी सोयाबीनचा डबा गेला, तर एकूण बेरीज तीच राहते आणि चूक दिसतच नाही. सगळं तपासूनही कागद सापडला नाही, तरच घटीची नोंद, कारण लिहून आणि मालकांची सही घेऊन. त्यानंतरच संगणकात त्या महिन्याला कुलूप घालायचं.