चार गुणसूत्रांची पेशी

पेशीविभाजनाच्या कार्यपत्रिकेवर छोटी छोटी वर्तुळं काढलेली असतात. प्रत्येक वर्तुळात लाल-निळ्या रंगांची काही गुणसूत्रं आणि खाली दोन प्रश्न: ही कोणती अवस्था, आणि तिच्यात काय घडतं? पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था हा क्रम मुलांना तोंडपाठ असतो. तरीही ती अडतात, कारण एकाच कागदावर मध्यावस्थेची तीन चित्रं असतात: एक सूत्री विभाजनातलं, म्हणजे मायटोसिसचं, आणि दोन अर्धगुणसूत्री विभाजनातली, म्हणजे मियॉसिसची. वरवर पाहिलं तर तिन्हींत गुणसूत्रं पेशीच्या मधोमध उभी दिसतात.

अशा कागदावरची नेहमीची पेशी घेऊ. तिच्यात चार गुणसूत्रं आहेत: एक लांब लाल, एक लांब निळं, एक आखूड लाल, एक आखूड निळं. लाल आईकडून आलेली, निळी वडिलांकडून. लांब लाल आणि लांब निळं हे एकमेकांचे जोडीदार, म्हणजे समजात गुणसूत्रं. आखूड दोघांचंही तसंच. माणसाच्या पेशीत अशा तेवीस जोड्या असतात आणि कांद्याच्या मुळाच्या पेशीत आठ. कागदावर दोनच जोड्या काढतात, म्हणजे नजरेला मोजता येतं.

पहिली सवय मोजायची, आणि मोजायचे ते गुणसूत्रबिंदू. विभाजन सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार झालेली असते, आणि मूळ व नक्कल गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेली असतात. त्यामुळे चित्रात इंग्रजी एक्स अक्षरासारखा आकार दिसतो. या एक्सला दोन अर्धगुणसूत्रं असली, तरी गुणसूत्रबिंदू एक, म्हणून गुणसूत्र एकच मोजायचं. ‘पूर्वावस्थेत गुणसूत्रं दुप्पट होतात’ हे उत्तर फार वेळा वाचायला मिळतं आणि ते चूक आहे. नक्कल विभाजनाआधीच्या काळात होते. पूर्वावस्थेत गुणसूत्रं आखूड आणि जाड होतात, केंद्रकाचं आवरण विरघळू लागतं आणि तर्कुतंतू तयार होऊ लागतात.

दुसरी सवय जोडीदार शोधायची: तो चित्रात आहे का, आणि असला तर शेजारी चिकटलेला आहे का?

आता ती तीन चित्रं समोर ठेवा. पहिल्यात चार एक्स एकाच ओळीत, एकाखाली एक उभे आहेत. लांब लाल आणि लांब निळं दोघंही हजर आहेत, पण एकमेकांची दखल न घेता. ही सूत्री विभाजनातली मध्यावस्था. दुसऱ्यातही एक्स चारच, पण लांब लालच्या समोर लांब निळं आणि आखूड लालच्या समोर आखूड निळं. ओळ एकेरी नाही, दुहेरी आहे. ही अर्धगुणसूत्री विभाजनातली पहिली मध्यावस्था. तिसऱ्यात दोनच एक्स, पुन्हा एकेरी ओळीत: एक लांब, एक आखूड. लांबाचा जोडीदार शोधला तर सापडत नाही, कारण तो शेजारच्या पेशीत गेला आहे. ही दुसरी मध्यावस्था.

या तिसऱ्या चित्रात फसायला जागा आहे. समजा कागदावर एका वेगळ्याच सजीवाची पेशी काढली आहे आणि तिच्यात एकेरी ओळीत चार एक्स आहेत, पण चारही वेगवेगळ्या लांबीचे. नुसतं मोजणारा ‘सूत्री विभाजन’ लिहून मोकळा होईल. लांबी पाहणाऱ्याला कळेल, की इथे कुणालाच जोडीदार नाही, म्हणजे मूळ पेशीत आठ गुणसूत्रं होती आणि हे दुसऱ्या विभाजनाचं चित्र आहे. ओळीत तीन एक्स असतील तर काम आणखी सोपं, कारण जोड्यांनी भरलेल्या निरोगी पेशीत विषम आकडा येत नाही.

रंगांकडेही पाहावं. लाल एक्सच्या एका टोकाला निळा तुकडा दिसला, तर पहिली पूर्वावस्था होऊन गेली आहे किंवा चालू आहे. तेव्हा समजात गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात आणि आपल्या तुकड्यांची अदलाबदल करतात. शालेय चित्रांत सूत्री विभाजनातल्या गुणसूत्रांवर असे ठिगळ कधी काढलेले नसतात.

पश्चावस्थेत प्रश्न एकच: टोकांकडे काय ओढलं जातंय? सूत्री विभाजनात गुणसूत्रबिंदू दुभंगतो आणि सुटी अर्धगुणसूत्रं दोन टोकांना जातात. मधला भाग पुढे आणि टोकं मागे फरफटत, म्हणून आकार व्हीसारखा दिसतो. सुटं झालेलं प्रत्येक अर्धगुणसूत्र आता स्वतंत्र गुणसूत्र म्हणून मोजतात, त्यामुळे क्षणभर पेशीत आठ असतात, प्रत्येक टोकाला चार. पहिल्या पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू दुभंगत नाही. अख्खे एक्सच दूर जातात, दोन इकडे, दोन तिकडे. संख्या निम्मी होते ती इथे, दुसऱ्या विभाजनात नाही. दुसऱ्या पश्चावस्थेत पुन्हा सुटी अर्धगुणसूत्रं, पण प्रत्येक टोकाला दोनच. ‘काय घडतं’ या ओळीत ‘गुणसूत्रं वेगळी होतात’ एवढंच लिहिलं तर ते तिन्ही चित्रांना लागू पडतं, म्हणजे उत्तर झालंच नाही. जोडीदार वेगळे झाले की अर्धगुणसूत्रं, ते लिहायलाच हवं.

अंत्यावस्थेबद्दल थोडक्यात: केंद्रकाची आवरणं परत दिसतात, गुणसूत्रं पुन्हा विरळ होतात. पेशी मधोमध आत आवळली जात असेल तर ती प्राण्याची, मध्ये नवी भिंत उभी राहत असेल तर वनस्पतीची.

काही कागदांवर शेवटचं चित्र बिघडलेलं असतं, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. पहिल्या पश्चावस्थेत दोन्ही लांब एक्स एकाच टोकाला गेलेले: तीन इकडे, एक तिकडे. पुढचं सगळं सुरळीत झालं तरी शेवटच्या चार पेशींत तीन, तीन, एक, एक अशी गुणसूत्रं राहतात. चूक पहिल्याऐवजी दुसऱ्या विभाजनात, दोनपैकी एकाच पेशीत झाली, तर हिशेब दोन, दोन, तीन, एक असा येतो. शेवटचे चार आकडे पाहून गोंधळ कुठल्या टप्प्यावर झाला ते सांगता येतं.

माणसात डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा एकविसाव्या गुणसूत्राच्या बाबतीत असं घडल्यामुळे होतो. अशा मुलांच्या पेशींत सेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रं असतात, हे जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये पॅरिसमधून प्रसिद्ध केलं. जास्तीचं गुणसूत्र बहुतेक वेळा आईच्या बीजांडातून येतं, आणि तिथेही चूक बहुधा पहिल्या विभाजनातली असते. बाईची बीजांडं ती स्वतः जन्मण्याआधीच पहिल्या पूर्वावस्थेत पोहोचून थांबलेली असतात आणि पुढचा टप्पा पाळी सुरू झाल्यावर, एकेका बीजांडाच्या वाट्याला येतो. चाळिशीतल्या बाईच्या बीजांडात ती बिलगलेली जोडी तितकी वर्षं तशीच धरून ठेवलेली असते. आईचं वय वाढतं तशी ही चूक वाढते, याचा संबंध या लांबलेल्या थांब्याशी जोडला जातो.

चूक कोणत्या विभाजनात झाली, हे शास्त्रज्ञ मुलाच्या पेशींवरून ओळखतात आणि त्यांची रीत कागदावरच्या रंगांसारखीच आहे. आईला एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत तिच्या आईकडून आणि दुसरी तिच्या वडिलांकडून मिळालेली असते. मुलात आईकडून आलेल्या दोन प्रती वेगवेगळ्या असतील, लाल आणि निळी, तर पहिल्या विभाजनात जोडीदार सुटले नाहीत. दोन्ही एकाच रंगाच्या असतील, तर दुसऱ्या विभाजनात अर्धगुणसूत्रं सुटली नाहीत. मात्र टोकांचे तुकडे आधीच बदलले गेलेले असू शकतात, म्हणून रंग पाहायचा तो गुणसूत्रबिंदूच्या अगदी लगत.