विक्री झाली, पैसे कुठे?

वेबसाइटवर ग्राहकाने कार्डाने पैसे भरले की ते विक्रेत्याच्या खात्यात त्याच क्षणी येत नाहीत. ते आधी ग्राहकाच्या बँकेकडून पेमेंट कंपनीच्या एस्क्रो खात्यात जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हे खाते शेड्यूल्ड व्यापारी बँकेत असावे लागते, म्हणजे विक्रेत्यांचे पैसे कंपनीच्या स्वतःच्या पैशांत मिसळत नाहीत. तिथून शुल्क वजा होऊन रक्कम विक्रेत्याकडे वळती होते, त्याला सेटलमेंट म्हणतात. भारतात सर्वसाधारण रिवाज दोन कामकाजी दिवसांचा आहे. शुक्रवारची विक्री त्यामुळे मंगळवारी हाती येते, आणि मध्ये सुट्टी आली तर आणखी उशिरा. नव्या विक्रेत्यासाठी ही मुदत बहुधा वाढवलेली असते. आठवडा काही नवलाचा नाही.

याशिवाय काही विक्रेत्यांच्या प्रत्येक विक्रीतला ठरावीक हिस्सा, बहुतेकदा 5 ते 10 टक्के, कंपनी सहा महिने अडकवून ठेवते आणि मुदत संपेल तसा सोडते. हाच रोलिंग रिझर्व्ह. जानेवारीत कापलेले पैसे जुलैत मिळतात, फेब्रुवारीतले ऑगस्टमध्ये.

ही मुदत उगाच ठरलेली नाही. माल मिळाला नाही किंवा व्यवहार आपण केलाच नाही, अशी तक्रार कार्डधारक आपल्या बँकेकडे साधारण 120 दिवसांपर्यंत करू शकतो. बँक पैसे परत ओढते, म्हणजे चार्जबॅक होतो. तोपर्यंत विक्रेता गाशा गुंडाळून गेला असेल, तर भुर्दंड पेमेंट कंपनीवर पडतो. तक्रारीची मुदत आणि तिचा निकाल लागायला जाणारा वेळ मिळून सहा महिने होतात. नव्या विक्रेत्याचा मागचा इतिहासच नसतो, म्हणून कात्री आधी त्याला लागते. आगाऊ नोंदणी घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी माल पाठवणाऱ्यांकडे तर कंपन्या अधिकच संशयाने पाहतात, कारण तिथे तक्रारीची मुदत माल मिळण्याच्या तारखेपासून मोजली जाऊ शकते.

आता हिशेब पाहू. समजा, सोलापूरचा एक नवा व्यापारी चादरी ऑनलाइन विकतो. रोजची विक्री 10,000, महिन्याची 3 लाख रुपये. मालाची खरेदी 2,10,000. कुरिअर, पॅकिंग आणि जाहिरात 45,000. दोन टक्के शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून 7,080. उरले 37,920. पण दहा टक्के रिझर्व्ह म्हणजे 30,000 रुपये कापले गेले, तर हाती येतात 7,920. कागदावर नफा, गल्ल्यात सुटे पैसे!

पहिल्या महिन्यात हेसुद्धा हाती येत नाहीत. सेटलमेंट सात दिवसांनी होत असेल, तर महिनाअखेरीस शेवटच्या आठवड्याची 70,000 ची विक्री वाटेतच असते. शुल्क आणि रिझर्व्ह वजा जाता त्यातले सुमारे 61,000 यायचे बाकी असतात. म्हणजे फायद्यात धंदा करूनही पहिल्या महिन्यात सुमारे 53,000 ची तूट पडते आणि ती घरातून किंवा उसनवारीने भरावी लागते.

दोन्ही अडचणी दिसायला सारख्या, पण वागतात वेगळ्या. सात दिवसांचा खड्डा एकदाच पडतो; विक्री स्थिर राहिली तर पुढच्या महिन्यात तो वाढत नाही. रिझर्व्ह मात्र सहा महिने साठत जातो आणि 1,80,000 वर पोचतो. सातव्या महिन्यापासून जेवढे कापले जातात तेवढेच सुटतात. विक्री दुप्पट झाली की रिझर्व्हही हळूहळू दुप्पट होतो. दिवाळीत चांगला धंदा करणाऱ्याला त्यातला दहावा हिस्सा एप्रिलच्या सुमारास मिळतो, घाऊक व्यापाऱ्याची उधारी मात्र तेवढी थांबत नाही. जीएसटीही थांबत नाही: दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत पूर्ण विक्रीवरचा कर भरावा लागतो, पैसे अडकलेले असोत वा नसोत.

अनेकांची चूक हिशेबाच्या वहीत होते. बँकेत जमा झालेली रक्कम हीच विक्री म्हणून लिहिली, तर अडकलेले पैसे वहीतून गायब होतात आणि सहा महिन्यांनी आल्यावर ते कुठले, हे कळत नाही. विक्री पूर्ण दाखवावी, शुल्क खर्चात टाकावे आणि रिझर्व्ह ‘येणे’ म्हणून लिहावा. सेटलमेंट अहवालातली प्रत्येक जमा यूटीआर क्रमांकाने बँकेच्या नोंदीशी जुळवली की कपात कधी सुरू झाली, तेही लगेच दिसते.

करार करतानाच टक्केवारी, मुदत आणि फेरविचाराची तारीख लेखी घ्यावी. रिझर्व्हला एकूण रकमेची कमाल मर्यादा मागता येते. तेवढी भरली की कपात थांबते. चार-सहा महिने तक्रारी नगण्य राहिल्या, तर टक्का कमी करून घेण्याची मागणी रास्त ठरते. त्यासाठी कुरिअरच्या पोचपावत्या जपाव्यात आणि ग्राहकाच्या कार्ड-विवरणावर दुकानाचे ओळखीचे नाव येईल असे पाहावे, कारण अनोळखी नाव दिसले की ग्राहक फसवणूक समजून तक्रार करतो. खाते बंद करून दुसऱ्या कंपनीकडे जाणे हा मात्र सुटकेचा मार्ग नाही. जुन्या कंपनीकडचा रिझर्व्ह सामान्यतः करारातली मुदत संपल्यावरच सुटतो.