सिमेंटचा जुना पत्रा उतरवताना

सातपूर-अंबडच्या जुन्या शेडांवर आणि गावठाणातल्या पडव्यांवर दिसणाऱ्या करड्या सिमेंट पत्र्यात साधारण दहा टक्के ॲस्बेस्टॉसचा तंतू असतो. पत्रा शाबूत असेपर्यंत तो सिमेंटमध्ये घट्ट बसलेला राहतो. वर्षानुवर्षांच्या ऊनपावसाने वरचा थर झिजला, की बोट फिरवताच भुकटी लागते. असा पत्रा बदलायला हवा. हे तंतू श्वासातून फुप्फुसात रुततात आणि त्यातून होणारा कर्करोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी उघड होतो, म्हणून आज खोकला नाही यावर विसंबू नये.

खरा धोका काढतानाच. गंजलेल्या जे-हुकाच्या नटाला ग्राइंडर लावतात किंवा पत्रा हातोड्याने फोडून खाली टाकतात, तेव्हा सर्वाधिक धूळ उडते. त्याऐवजी साबणाच्या पाण्याची हलकी फवारणी करावी, हूक बोल्ट-कटरने तोडावा आणि पत्रा अखंड खाली द्यावा. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. कैच्यांवर टेकवलेल्या फळ्यांवरूनच चालावे, सेफ्टी बेल्ट हवाच. रुमाल किंवा साधा मास्क निरुपयोगी, पी-१०० फिल्टरचा घट्ट बसणारा मास्क लागतो.

उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, ‘ॲस्बेस्टॉस’ असे लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीप्राप्त घातक कचरा केंद्राकडे पाठवावेत. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी कुणाला देऊ नयेत. सांडलेली भुकटी झाडूने न लोटता ओल्या फडक्याने टिपावी. ते फडकेही त्याच गाठोड्यात जाते.