‘काहीच सापडले नाही’ म्हणजे काय? ब्लास्टच्या रिकाम्या उत्तरामागचे गैरसमज

एखाद्या जिवाणूतून काढलेला डीएनएचा तुकडा संगणकात टाकायचा, डेटाबेसमध्ये त्याच्यासारखे काही आहे का ते ब्लास्टला विचारायचे आणि पडद्यावर `No significant similarity found` असे उमटले की नोंदवहीत लिहायचे : ‘या जनुकाशी साम्य असलेला सिक्वेन्स ज्ञात नाही.’ जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत हे वाक्य फार सहज लिहिले जाते. बऱ्याचदा ते बरोबरही असते. पण जेव्हा ते चुकते तेव्हा दोष अनेकदा डेटाबेसचा नसतो. शोधाची पहिलीच पायरी कशी चालते, हे नीट माहीत नसल्याने ते चुकते.

गैरसमज : ब्लास्ट आपला सिक्वेन्स डेटाबेसमधल्या प्रत्येक सिक्वेन्सशी अक्षर न् अक्षर ताडून पाहतो.

असे काटेकोरपणे ताडून पाहण्याची रीत आहे. टेम्पल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी ती १९८१ मध्ये मांडली. ती सर्वोत्तम जुळणी हमखास शोधते, मात्र त्यासाठी आपल्या सिक्वेन्समधले प्रत्येक अक्षर समोरच्या प्रत्येक अक्षराशी ठेवून एक मोठा तक्ता भरावा लागतो. आपला तुकडा १,००० अक्षरांचा आणि समोर माणसाचा सुमारे ३१० कोटी अक्षरांचा जीनोम असेल, तर त्या तक्त्यात तीन लाख कोटींहून जास्त घरे होतात. तीही डीएनएच्या एकाच धाग्यासाठी.

१९९० मध्ये आल्टशुल, गिश, मिलर, मायर्स आणि लिपमन यांनी ब्लास्ट प्रसिद्ध केला तो या कष्टाला बगल देण्यासाठी. त्यांचा तर्क साधा होता. डीएनएचे दोन सिक्वेन्स खरोखर नात्यातले असतील तर त्यांच्यात कुठेतरी एक छोटा तुकडा अगदी जसाच्या तसा सापडेल. म्हणून आधी तो तुकडा शोधायचा आणि बाकीची मेहनत तो सापडेल तिथेच करायची. ठरावीक लांबीच्या अशा तुकड्याला के-मर म्हणतात. ‘के’ म्हणजे अक्षरांची संख्या. शोधाची सुरुवात करून देणाऱ्या के-मरला सीड म्हणतात.

ब्लास्ट आपल्या सिक्वेन्सचे सगळे के-मर काढतो. १,००० अक्षरांतून ११ अक्षरांचे ९९० के-मर निघतात, कारण प्रत्येक के-मर आधीच्यापेक्षा एक अक्षर पुढे सरकलेला असतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी या के-मरांची सूची तयार होते आणि डेटाबेस वाचत जाताना सूचीतला के-मर दिसला की तिथे खूण केली जाते. मग त्या जागेपासून डावीकडे-उजवीकडे जुळणी वाढवली जाते. अक्षर जुळले तर गुण मिळतात, चुकले तर कापले जातात आणि गुण फारच घसरू लागले की तिथे थांबायचे. उरलेल्या डेटाबेसकडे ब्लास्ट पुन्हा वळून पाहत नाही.

यातली मेख अशी की साम्य मोजणारी पायरी दुसरी आहे. पहिल्या पायरीला साम्य कळतच नाही, तिला फक्त तंतोतंत सारखेपणा कळतो. ज्या जागी सीड पडला नाही ती जागा दुसऱ्या पायरीपर्यंत पोचतच नाही, मग तिथे कितीही जवळचा नातेवाईक असो.

गैरसमज : ९७ टक्के साम्य असेल तर ते सापडणारच.

न सापडण्याचे उदाहरण कागदावर करून पाहता येते. ९९ अक्षरांचे दोन सिक्वेन्स घ्या. २५व्या, ५०व्या आणि ७५व्या जागी अक्षरे वेगळी आहेत, बाकी सगळी सारखी. म्हणजे ९९ पैकी ९६ अक्षरे जुळतात, साम्य ९७ टक्के. आता सलग जुळणारे तुकडे मोजा : १ ते २४, २६ ते ४९, ५१ ते ७४ आणि ७६ ते ९९. चारही तुकडे २४ अक्षरांचे आहेत.

हा शोध संगणकावर असा चालवला, असे समजू :

```
blastn -query maza.fasta -db sangraha -out nikal.txt
```

आज्ञेत `blastn` लिहिले आहे, पण `-task` न सांगितल्यास हा प्रोग्राम आपसूक मेगाब्लास्ट चालवतो आणि मेगाब्लास्टचा सीड २८ अक्षरांचा असतो. आपल्या जोडीत २८ अक्षरे सलग कुठेच जुळत नाहीत. निकालाच्या फाइलमध्ये `No hits found` असे येईल. तोच शोध `-task blastn` जोडून चालवला की सीड ११ अक्षरांचा होतो आणि ही जोडी सापडते. शिवाय गुण पुरतात का, हेही पाहू. जुळलेल्या अक्षराला २ आणि चुकलेल्याला उणे ३ या तिथल्या हिशेबाने १९२ मधून ९ जाऊन १८३ गुण उरतात. इतक्या गुणांची जुळणी योगायोगाने होत नाही. नाते ठळक होते, ते पहिल्या पायरीवरच गळाले.

मेगाब्लास्ट यासाठी बनवलेलाच नाही. एकाच प्रजातीतले किंवा जवळपास एकसारखे लांब सिक्वेन्स झपाट्याने शोधणे हे त्याचे काम आहे आणि ते तो उत्तम करतो. २० अक्षरांचा प्रायमर त्याला दिला तर मात्र त्यातून २८ अक्षरांचा एकही सीड निघू शकत नाही. ३० अक्षरांहून लहान सिक्वेन्ससाठी `-task blastn-short` आहे, त्याचा सीड ७ अक्षरांचा.

गैरसमज : मग के कमी केला की झाले.

के कमी केला की जास्त नाती सापडतात हे खरे आहे, पण त्याची किंमत चारच्या पटीत वाढते. डीएनएची अक्षरे चार, त्यामुळे ११ अक्षरांचे ४१,९४,३०४ वेगवेगळे के-मर होऊ शकतात. माणसाच्या जीनोममध्ये अक्षरे यदृच्छेने पसरली आहेत असे धरले, तर कोणताही एक ११-मर निव्वळ योगायोगाने सुमारे ७४० वेळा दिसेल. ७ अक्षरांचे के-मर केवळ १६,३८४ असतात. त्यांतला प्रत्येक सुमारे १ लाख ८९ हजार वेळा दिसेल. के चाराने घटवला की खोट्या खुणा २५६ पट होतात आणि प्रत्येक खुणेपाशी थांबून जुळणी वाढवून पाहावी लागते. ज्या कष्टातून सुटायचे होते ते मागल्या दाराने परत येतात.

प्रत्यक्षातला जीनोम तर यदृच्छेने भरलेला नसतोच. माणसात आलू नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा तुकडा दहा लाखांहून जास्त वेळा आलेला आहे. AAAA किंवा CACACA असे रटाळ पट्टेही जागोजागी आहेत. असे पट्टे ब्लास्ट आधीच झाकून ठेवतो आणि त्यांतून सीड घेत नाही. आपला छोटा सिक्वेन्स बव्हंशी असाच असेल तर रिकाम्या उत्तराचे तेही एक कारण असू शकते.

गैरसमज : सीडची अक्षरे सलगच असली पाहिजेत.

या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग इथे आहे. २००२ मध्ये बिन मा, जॉन ट्रॉम्प आणि मिंग ली यांनी पॅटर्नहंटर नावाचा प्रोग्राम मांडला. त्याच्या सीडचा साचा असा आहे :

```
111010010100110111
```

जिथे 1 आहे तिथले अक्षर जुळलेच पाहिजे, 0 असेल तिथे काहीही चालेल. 1 एकूण अकराच आहेत, म्हणजे अट ११ सलग अक्षरांइतकीच कडक आणि योगायोगाच्या खुणाही जवळपास तितक्याच. तरीही ७० टक्के साम्य असलेल्या ६४ अक्षरांच्या पट्ट्यात ११ सलग अक्षरांचा सीड पडण्याची शक्यता सुमारे ३० टक्के असते, तर या विरळ साच्याची सुमारे ४७ टक्के.

हे कसे होते? सलग सीड एका जागी जुळला तर पुढच्या जागीही जुळायला फक्त एकच नवे अक्षर जुळावे लागते, बाकीची दहा आधीच जुळलेली असतात. त्यामुळे सलग सीडच्या खुणा एकमेकींना चिकटून, घोळक्याने येतात. एका पट्ट्यात पाच खुणा आणि दुसऱ्यात एकही नाही, असे होते. आपल्याला तर एका पट्ट्यासाठी एकच खूण पुरते, उरलेल्या चार वाया गेल्या. विरळ साचा एक घर सरकवला की त्याचे निम्म्याहून जास्त 1 नव्या अक्षरांवर पडतात. म्हणून त्याची प्रत्येक जागा जवळपास स्वतंत्र संधी ठरते आणि खुणा जास्त पट्ट्यांत विखुरतात.

प्रथिनांची कृती सांगणाऱ्या जनुकांत अशा विरळ साच्याचा उपयोग आणखी उठून दिसतो. अशा दोन जनुकांतला हा एक छोटा भाग पाहा :

```
GGA GCA GTA CCA ACA CTA
GGT GCC GTG CCT ACG CTC
```

तीन-तीन अक्षरांचे हे गट प्रथिनातला एकेक घटक ठरवतात. दोन्ही ओळींतून बनणारे प्रथिन हुबेहूब एकच आहे : ग्लायसीन, ॲलॅनीन, व्हॅलीन, प्रोलीन, थ्रिओनीन, ल्युसीन. या गटांत तिसरे अक्षर बदलले तरी घटक बदलत नाही, म्हणून उत्क्रांतीत ते सर्रास बदलत राहते. डीएनएत मात्र दोनापेक्षा जास्त अक्षरे सलग कुठेच जुळत नाहीत. हे मुद्दाम घेतलेले टोकाचे उदाहरण आहे, पण संपूर्ण जनुक असेच असेल तर ११ काय, ७ अक्षरांचा सलग सीडही त्यात पडणार नाही.

`-task dc-megablast` हा पर्याय अशाच जनुकांसाठी आहे. त्याच्या साच्यांपैकी १६ अक्षरांचा एक साचा `1101101101101101` असा आहे. वरच्या ओळींवर पहिल्या अक्षरापासून तो ठेवून पाहा. साच्याच्या टप्प्यातले बदललेले प्रत्येक अक्षर नेमके 0 खाली येते आणि अकराही 1 जुळतात. याहून दूरची नाती शोधायची असतील तर डीएनएची प्रथिनांच्या भाषेत फोड करून शोधणारे `blastx` आणि `tblastx` वापरावेत. डीएनएत पुसट झालेले नाते प्रथिनात अनेकदा शाबूत असते.

रिकामे उत्तर सीडमुळे आले की खरोखर काहीच नाही म्हणून, हे ओळखता येते. तोच शोध आधी `-task blastn`, मग `-task dc-megablast` आणि जनुक असेल तर प्रथिनांच्या डेटाबेसवर `blastx` लावून पुन्हा करा. लांब आणि अत्यल्प ई-व्हॅल्यू असलेली जुळणी वर आली तर आधी सीडच आड आला होता. नुसत्या १४-१५ अक्षरांच्या जुळण्या ई-व्हॅल्यू २ किंवा ५ घेऊन आल्या तर तो योगायोग समजावा. ई-व्हॅल्यू ५ याचा अर्थच असा की एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये इतक्या गुणांच्या पाच जुळण्या नुसत्या योगायोगाने अपेक्षित आहेत.

तेव्हा प्रबंधात किंवा अहवालात ‘साम्य आढळले नाही’ असे लिहिणार असाल, तर त्याच ओळीत कोणता `-task` वापरला, सीड किती अक्षरांचा होता आणि डेटाबेस कोणत्या तारखेचा होता, हेही लिहा. वाचणाऱ्याला तुमचा निष्कर्ष तपासता येईल तो त्यावरूनच.