सरांना लिहिलेलं एक पत्र : मैदानावर साखर उतरते तेव्हा

टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, म्हणून मुलाला रोज इंजेक्शन घ्यावंच लागतं. आपल्या वस्तीत हा आजार बरेचदा लपवला जातो, त्यातही मुलीचा. "उद्या लग्नाचं काय?" ही भीती असते. पण कबड्डीच्या सरांनाच माहीत नसेल, तर साखर उतरलेली मुलगी त्यांना कामचुकार दिसते. बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या आईने सरांना कसं पत्र लिहावं, त्याचा हा नमुना. आपल्या मुलाप्रमाणे आकडे डॉक्टरांकडून बदलून घ्या.

आदरणीय सर,
सविनय जयभीम.

माझी मुलगी सातवीत आहे, आपल्या कबड्डी संघात खेळते. तिला टाइप १ मधुमेह आहे. हा संसर्गाने होत नाही आणि गोड खाल्ल्यानेही झालेला नाही. तिला खेळातून काढू नये, एवढ्यासाठीच हे लिहिते.

खेळताना स्नायू रक्तातली साखर भराभर वापरतात. इतर मुलांचं शरीर त्या वेळी इन्सुलिन आपोआप कमी करतं. माझ्या मुलीने इन्सुलिन सुईने घेतलेलं असतं, ते परत काढता येत नाही. सकाळच्या मिश्र इन्सुलिनचा जोर दुपारनंतरही असतो, शाळेतली खिचडी मात्र तोवर जिरलेली असते. म्हणून साडेचारच्या सरावात धोका जास्त.

सरावाआधी ती बोटातून थेंब काढून साखर तपासेल. ९० च्या खाली आली तर एक केळ खाईल आणि ९० च्या वर गेल्यावरच उतरेल. मागच्या आठवड्यात ८४ आली होती. केळ खाऊन वीस मिनिटांनी ११२ झाली, मग ती खेळली. ७० च्या खाली असेल तर खेळ नाही, आधी साखर.

घाम तर सगळ्याच पोरांना येतो, म्हणून घामावरून कळणार नाही. हात थरथरणं, तोंड पांढरं पडणं, उगाच चिडणं, सोपी पकड सुटणं, चढाईला जाऊन मध्येच भांबावून उभं राहणं, हे दिसलं की लगेच थांबवा. "पाणी पिऊन ये" म्हणून एकटीला नळावर किंवा घरी पाठवू नका. वाटेत पडू शकते.

तिच्या पिशवीत साखरेची डबी आहे. चहाचे अडीच-तीन सपाट चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून पाजा. तिचं वजन ३५ किलो आहे, तेवढी पुरते. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपकटपणामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्या. वर आली की बिस्किटं किंवा पोळी खाऊ द्या. त्या दिवशी पुढे खेळवू नका. पट्टी संपली असेल तर तपासणीसाठी थांबू नका, लक्षणं दिसली की साखर द्या. चुकून जास्त दिली तर थोडा वेळ साखर वाढेल, पण न दिल्यास ती बेशुद्ध पडू शकते.

बेशुद्ध पडली किंवा झटके आले तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. इन्सुलिन तर मुळीच देऊ नका. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा, "टाइप १ मधुमेह, साखर उतरली आहे" असं सांगा आणि मग मला कळवा.

सराव जोराचा झाला किंवा तालुक्याच्या सामन्यांना जायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. डॉक्टरांना विचारून इन्सुलिन आणि जेवण बदलावं लागतं. मेहनतीचा परिणाम रात्रीपर्यंत राहतो, झोपेतही साखर उतरू शकते. त्या रात्री मी उठून तपासते.

आपली,
एक आई

पत्र नुसतं पाठवू नका, स्वतः नेऊन द्या आणि डबी कुठे असते ते सरांना दाखवा. संघातल्या एका मैत्रिणीलाही सांगून ठेवा, कारण बदल आधी तिला दिसतो. शाळेने कुरकुर केली तर सांगा की राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्येच राज्यांना कळवलं आहे : टाइप १ च्या मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मध्ये खाऊ द्या. वसीम अक्रम यांना हाच मधुमेह १९९७ मध्ये निघाला, तरी ते २००३ पर्यंत पाकिस्तानसाठी गोलंदाजी करत राहिले.